कोजागरीच्या मैफलीसाठी मुख्य प्रायोजकत्वाबाबत विनंतीपत्र

कोजागरी संगीत मंडळ, मिरज
ब्राह्मणपुरी, मिरज

दिनांक : १० ऑगस्ट २०२६

प्रति,
मा. श्री. वसंतराव शहापुरे व भागीदार,
शहापुरे वस्त्रदालन,
गणपती पेठ, सांगली

विषय : रविवार, दि. २५ ऑक्टोबर २०२६ रोजी मिरजेत होणाऱ्या कोजागरीच्या मैफलीचे मुख्य प्रायोजकत्व स्वीकारण्याबाबत.

स.न.वि.वि.

आपल्या वस्त्रदालनाची मिरज शाखा यंदा अक्षय तृतीयेला लक्ष्मी मार्केटजवळ सुरू झाली. मिरजेचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे दिवाळीची खरेदी करायला सांगली गाठते. ते गावातल्या गावात थांबावे, यासाठीच ही शाखा काढल्याचे आपण उद्घाटनाच्या दिवशी म्हणाला होतात. त्या दिवशी मी तिथे होते. आपले ते वाक्य लक्षात राहिले आणि त्यातूनच हे पत्र लिहिण्याचे मनात आले. या शाखेची पहिली दिवाळी येते आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि आमची मैफल त्याच्या बरोबर दोन आठवडे आधी आहे. घरोघरी कपड्यांच्या याद्या याच दिवसांत ठरतात.

या मैफलीचे मुख्य प्रायोजकत्व आपण रु. १,५०,०००/- (अक्षरी रुपये एक लाख पन्नास हजार) देऊन स्वीकारावे, अशी विनंती आहे. ही रक्कम आम्ही देणगी म्हणून मागत नाही. तिच्या बदल्यात आपल्या व्यवसायाला काय मिळेल ते पुढे लिहिले आहे. ते पारखून निर्णय घ्यावा.

मंडळ सलग नऊ वर्षे ब्राह्मणपुरीतील शाळेच्या पटांगणावर ही मैफल भरवते. प्रवेश विनामूल्य असला तरी पास घ्यावा लागतो. गेल्या वर्षी ४५० खुर्च्या मांडल्या होत्या, त्या भरल्यावर लोक सतरंज्यांवर बसले. गर्दीचा अंदाज फुगवून सांगायची आमच्याकडे सोय नाही, कारण शेवटी आम्ही दुधाचे पेले मोजतो. गेल्या वर्षी ६१२ पेले लागले. आलेल्यांपैकी बहुतेक मंडळी सहकुटुंब होती आणि मिरज, सांगली, कुपवाड भागातलीच होती. म्हणजे आपले नाव ज्यांच्या कानावर पडेल, ते चालत किंवा गाडीवरून आपल्या दुकानापर्यंत सहज येऊ शकतील असेच लोक आहेत.

मिरज आणि संगीत यांचे नाते आपल्याला मी नव्याने सांगायला नको. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले आणि इथल्याच मातीत विसावले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही तंबोरा घडतो कसा, हे खुद्द मिरजेतल्या किती मुलांनी पाहिले आहे? म्हणून गेल्या वर्षीपासून गाण्याच्या आधी आम्ही अर्धा तास वाद्य घडवणाऱ्या कारागिरांना देतो. पंढरपूर भागातून आलेला वाळलेला भोपळा मुलांच्या हातात फिरतो. तो इतका हलका असतो की मुले आधी दचकतात, मग हसतात. त्यानंतर जवारी, म्हणजे तारेला गुंजणारा नाद आणण्याचे काम. गेल्या वर्षी एका बुजुर्ग कारागिरांनी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर दोनतीनदा अलगद कानस फिरवली, तारेखाली सूत घातले आणि ते केसभर पुढे सरकवले. तोवर नुसती टणटण वाजणारी तार एकदम गुंजू लागली. पटांगणातली सगळी कुजबुज थांबली. हा अर्धा तास यंदा पाऊण तासाचा करायचा आहे आणि कारागिरांना योग्य मानधन द्यायचे आहे. आपल्या रकमेचा एक वाटा थेट इथे जाईल.

यंदाचा कार्यक्रम असा : सायंकाळी ६ वाजता वाद्यांचे प्रात्यक्षिक, पावणेसातला कारागिरांचा सत्कार, ७ वाजता बासरीवादन आणि सव्वाआठला गायन. रात्री १० वाजता नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक बंद होतो. त्यानंतर दूध आणि दोन तंबोऱ्यांच्या साथीने विनाध्वनिक्षेपक एक भैरवी. तोपर्यंत चंद्र चांगला वर आलेला असतो. वर्षभर लोक या शेवटच्या वीस मिनिटांची आठवण काढतात. कलाकारांची नावे व त्यांची संमतीपत्रे सोबत जोडली आहेत.

आता आपल्या लाभाविषयी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पासांची. आजवर पास मंडळाच्या सभासदांच्या घरून वाटले जात. यंदा दसऱ्यानंतर, २१ ते २४ ऑक्टोबर या चार दिवसांत, ते फक्त आपल्या मिरज शाखेतून द्यावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. एका व्यक्तीला जास्तीत जास्त चार पास मिळतील. म्हणजे किमान दीडशे कुटुंबांतले कोणी ना कोणी दिवाळीच्या तोंडावर आपल्या दुकानाची पायरी चढेल. फलक पाहणे वेगळे आणि दुकानात येऊन नवा माल डोळ्यांखालून घालणे वेगळे, हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगले कळते. पास देण्यासाठी आमचे दोन कार्यकर्ते पूर्ण वेळ बसतील, आपल्या विक्रेत्यांवर त्याचा भार पडणार नाही. फक्त दाराजवळ एक टेबल आणि दोन खुर्च्यांची जागा लागेल.

प्रत्येक पासवर, निमंत्रणपत्रिकेवर, शहरातील बारा फलकांवर आणि प्रवेशद्वाराच्या कमानीवर ‘मुख्य प्रायोजक : शहापुरे वस्त्रदालन, सांगली व मिरज’ असे छापले जाईल. स्मरणिकेचे मागचे पूर्ण रंगीत पान आपले असेल. स्मरणिकेत किंवा पटांगणावर दुसऱ्या कोणत्याही कापड दुकानाची जाहिरात घेतली जाणार नाही, हे आम्ही करारात लिहून देऊ. कारागिरांचा सत्कार आपल्या हस्ते व्हावा अशी इच्छा आहे. सत्काराच्या शाली आणि फेटे आम्ही आपल्याकडूनच रोख विकत घेऊ, ते प्रायोजकत्वाच्या रकमेत धरायचे नाहीत. पहिल्या रांगेतील दहा जागा आपले कुटुंबीय व आपण बोलावलेले ग्राहक यांच्यासाठी राखीव राहतील.

जे आम्ही करणार नाही, तेही आधीच सांगते. गाणे चालू असताना कलाकाराच्या मागे जाहिरातीचा फलक असणार नाही, तिथे फक्त काळा पडदा असतो. प्रायोजकांचा उल्लेख सुरुवातीला आणि मध्यंतरात असा दोनदाच होतो, भाषण होत नाही. यावरून काहींनी पूर्वी नाराजी दाखवली आहे. पण मैफलीत व्यत्यय आला तर श्रोता ज्याच्यामुळे आला त्याचेच नाव लक्षात ठेवतो, आणि ते चांगल्या अर्थाने ठेवत नाही. आपल्या नावाचे तसे होऊ नये, असे मनापासून वाटते.

खर्चाचा हिशेब थोडक्यात असा. एकूण अंदाज रु. ४,२०,०००/- आहे. त्यात कलाकारांचे मानधन व प्रवास १,६५,०००, मांडव, खुर्च्या व बिछायत ८५,०००, ध्वनी, प्रकाश व जनरेटर ६२,०००, कारागिरांचे मानधन व प्रात्यक्षिकाचे साहित्य ३०,०००, छपाई व प्रसिद्धी ३२,०००, दूध २८,००० आणि परवाने, विमा, सफाई १८,०००. सभासदांच्या वर्गणीतून १,४०,०००, हितचिंतकांच्या देणग्यांतून ७०,००० आणि स्मरणिकेतील छोट्या जाहिरातींतून ६०,००० उभे राहतील. उरलेल्या दीड लाखासाठी हे पत्र. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब सोबत आहेत.

रक्कम दोन टप्प्यांत द्यावी : करार झाल्यावर ७५,००० आणि कार्यक्रम झाल्यानंतर आठ दिवसांत ७५,०००. ठरल्यापैकी एखादी गोष्ट आमच्याकडून झाली नाही, तर दुसऱ्या टप्प्यातून तेवढी रक्कम वजा करण्याचा अधिकार आपला राहील. धनादेश किंवा बँकेतून हस्तांतर चालेल, रोख रक्कम आम्ही घेत नाही. आपली पेढी भागीदारीची असल्याने प्रायोजकत्वावरील जीएसटी रिव्हर्स चार्जने आपल्याकडे येण्याची शक्यता आहे. एकूण खर्च ठरवताना हा मुद्दा आणि टीडीएस आपल्या कर सल्लागारांना जरूर विचारावा. मंडळाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र व पॅनची प्रत त्यासाठीच जोडली आहे.

ऑक्टोबर म्हणजे परतीच्या पावसाची धास्ती असतेच. म्हणून त्याच शाळेचे सभागृह पर्याय म्हणून राखून ठेवले आहे. तिथे ३५० माणसे बसतात. पावसामुळे आत जावे लागले, तर दुसऱ्या टप्प्याचे १५,००० रुपये आम्ही आपणहून कमी करू. कार्यक्रमच रद्द झाला, तर छपाईवर झालेला खर्च बिलांसह दाखवून बाकी रक्कम परत करू.

एक चूक मोकळेपणाने सांगते. तीन वर्षांपूर्वी एका प्रायोजकांचे आडनाव आमच्याकडून पासांवर चुकीचे छापले गेले. पास वाटून झाले होते, दुरुस्ती करता आली नाही. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पण आम्हाला ती गोष्ट फार लागली. तेव्हापासून छपाईला जाण्याआधी प्रत्येक मजकुराचा कच्चा नमुना प्रायोजकांना दाखवून त्यावर सही घेतो. आपल्यालाही तो १५ सप्टेंबरपर्यंत दाखवू.

कार्यक्रमानंतर, १५ नोव्हेंबरपर्यंत, आपल्याला लेखी अहवाल मिळेल : दुकानातून रोज किती पास गेले, प्रत्यक्ष किती लोक आले, छायाचित्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि जमाखर्च. ज्या श्रोत्यांनी आपल्या दुकानाकडून निरोप येण्यास लेखी होकार दिला असेल, त्यांचेच दूरध्वनी क्रमांक आपल्याला देऊ. इतरांचे देणार नाही.

पूर्ण रक्कम यंदा शक्य नसेल, तर ५०,००० रुपयांत फक्त वाद्यांच्या प्रात्यक्षिकाचे प्रायोजकत्वही घेता येईल. त्यात स्मरणिकेचे आतले पान आणि सत्काराचा मान आपला राहील, पासवितरण मात्र मुख्य प्रायोजकांकडे जाईल.

छपाईचे वेळापत्रक पाहता आपला निर्णय ५ सप्टेंबरपर्यंत कळावा. तोवर कापड व्यवसायातील अन्य कोणाशीही आम्ही बोलणी करणार नाही. पुढच्या आठवड्यात मी आणि खजिनदार आपल्या सोयीने गणपती पेठेत किंवा मिरज शाखेत भेटायला येऊ. वेळ ठरवण्यासाठी बुधवारी सकाळी दुकानात फोन करते. येताना गेल्या वर्षीची स्मरणिका आणि प्रात्यक्षिकाचे दहा मिनिटांचे चित्रीकरण घेऊन येऊ. जवारी लागतानाचा तो क्षण त्यात आहे, तो आपण जरूर पाहावा.

कळावे,

आपली,
मेधा जोशी
कार्यवाह, कोजागरी संगीत मंडळ, मिरज

सोबत :
१. कलाकारांची यादी व संमतीपत्रे
२. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब
३. नोंदणी प्रमाणपत्र व पॅनची प्रत
४. कराराचा मसुदा