गुलाबी बोंडअळी आणि फरदड: मौजा वडगाव येथील बैठकीचा अहवाल

कच्ची टिपणे (वहीतून, जशीच्या तशी)

शनि. मारुतीचं देऊळ, सकाळी ९. आधी ३ वावरं पाहिली. विहिरीवालं लयच खराब, २० बोंडांत ९. कोरडवाहू ३. तिसरं १.

"बीटी हाय मंग अळी कायले येते?" दुकानदारावर राग. "बोगस बी देल्लं त्यानं." पावती विचारली, नाही.

"सायेब पेरनीपासून फिरकला नाई." चौघं बोलले.

फरदड: "काहून उपटाव? अजून दोन वेचे निंगते." मागून: "मी उपटली अन् बाजूवाल्याची उभी, तं पाखरू काय धुरा पाह्यते?" हे महत्त्वाचं!!

बाया मागं बसलेल्या. एक उठली: "फरदड गेली तं आमच्या हाताले काम कोन देईन?" एकदम शांत. मग गोंधळ, रेकॉर्डिंगमध्ये ६–७ मिनिटं काही कळत नाही.

पऱ्हाटी चुलीसाठी, अंगणात ढीग. त्याच्यात अळी?

तारीख ठरली का? नाही. अर्धवट.

---

अहवाल

बैठकीचा दिनांक: १८ नोव्हेंबर २०२३
ठिकाण: मारुती मंदिराचे सभागृह, मौजा वडगाव, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
उपस्थिती: ३४ (पुरुष २३, महिला ११)
आधार: १ तास ४० मिनिटांचे ध्वनिमुद्रण, शिवारफेरीच्या नोंदी

१. बैठकीचा हेतू

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव किती आहे हे पाहणे आणि हंगाम कधी संपवायचा यावर गावाचे मत जाणून घेणे, यासाठी शेतकरी गटाने ही बैठक बोलावली होती. बोलणाऱ्यांची नावे त्यांच्या विनंतीवरून अहवालात दिलेली नाहीत.

२. शिवारफेरीतील निरीक्षणे

बैठकीपूर्वी तीन शेतांतून प्रत्येकी २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहण्यात आली. ओलिताच्या शेतात ९, पहिल्या कोरडवाहू शेतात ३ आणि दुसऱ्या कोरडवाहू शेतात १ बोंड किडलेले आढळले. फवारणीचा निर्णय घेण्यासाठी शिफारस केलेली आर्थिक नुकसानीची पातळी १० टक्के, म्हणजे २० बोंडांत २ आहे. पहिली दोन शेते या पातळीच्या वर आहेत.

ओलिताच्या शेतातील बोंडे बाहेरून निरोगी दिसत होती. फोडल्यावर सरकीत गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस दिसला. अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते आणि छिद्र बुजून जाते. त्यानंतरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. "तीन फवारे मारले, उपयोग झाला नाही" असे ज्या शेतकऱ्याने सांगितले, त्यांचे हे शेत आहे.

तीन शेतांवरून संपूर्ण शिवाराचा अंदाज बांधू नये. कामगंध सापळे कोणीही लावलेले नसल्याने पतंगांची नोंद उपलब्ध नाही. हेक्टरी ५ सापळे लावावेत आणि सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळल्यास उपाय करावेत, ही शिफारस बैठकीत सांगण्यात आली.

३. बियाण्याविषयीची तक्रार

बीटी वाण असूनही अळी का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. बीटी कपाशी देशात २००२ मध्ये आली. सध्याच्या वाणांत दोन बीटी प्रथिने आहेत आणि गुलाबी बोंडअळीने दोन्हींविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली आहे, अशी माहिती गटातर्फे देण्यात आली. त्यामुळे केवळ अळी आढळली म्हणून बियाणे बनावट ठरत नाही.

एका शेतकऱ्याने विक्रेत्याने दिलेल्या बियाण्याच्या दर्जाबद्दल शंका व्यक्त केली. खरेदीची पावती व पिशवी उपलब्ध नव्हती. विक्रेत्याचे म्हणणे घेतलेले नाही, म्हणून ही बाब तक्रार म्हणूनच नोंदवली आहे. पेरणीनंतर कृषी खात्याकडून प्रत्यक्ष भेट झाली नाही, असे चार जणांनी सांगितले. संबंधितांची बाजू अद्याप जाणून घ्यायची आहे.

४. फरदड: मुख्य चर्चा

बैठकीचा निम्म्याहून अधिक वेळ या एका मुद्द्यावर गेला.

डिसेंबरनंतरही कपाशी शेतात ठेवल्यास, म्हणजे फरदड घेतल्यास, अळीला सलग खाद्य मिळते, हे उपस्थितांपैकी कोणीही नाकारले नाही. मतभेद होता तो खर्चाचा. ओलिताच्या शेतकऱ्यांच्या मते आणखी दोन वेचे निघतात आणि लागवडीचा खर्च त्यातूनच सुटतो. कोरडवाहू शेतकऱ्यांपैकी एकाने सांगितले की आपण कपाशी उपटली तरी शेजारच्या शेतातील उभी राहिली, तर पतंग धुरा ओलांडून येतातच. यावर कोणाकडेही उत्तर नव्हते. फरदडीचा निर्णय एकेका शेतकऱ्याने घेऊन भागत नाही, असा या चर्चेचा अर्थ निघतो.

कापूस वेचणाऱ्या महिलांपैकी एकीने वेगळा प्रश्न मांडला: फरदड बंद झाल्यास जानेवारी-फेब्रुवारीतील वेचणीचे काम जाईल, त्या दोन महिन्यांत मजुरी कोठून मिळेल? या वेचणीस किलोमागे ८ ते १० रुपये मिळतात, असे महिलांनी सांगितले. यानंतरचे सुमारे सहा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रणात अस्पष्ट आहे. त्यातील कोणतेही विधान अहवालात घेतलेले नाही. या प्रश्नाचे उत्तर बैठकीत मिळाले नाही. अहवाल लिहिणाऱ्याच्या मते त्याशिवाय फरदडीचा कोणताही ठराव अपुरा आहे, म्हणून रोजगार हमीच्या कामांची मागणी ग्रामसभेपुढे त्याच वेळी ठेवावी.

५. पऱ्हाटी आणि जनावरे

जळणासाठी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग घराजवळ रचले जातात. त्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत टिकते आणि पुढील हंगामात पतंग बाहेर पडतात. जळण सोडणे शक्य नाही, असे महिलांनी स्पष्ट केले. रचण्यापूर्वी पऱ्हाटीवरची बोंडे खुडून नष्ट करण्यास मात्र सर्वांची संमती होती. शेवटच्या वेच्यानंतर शेतात शेळ्या-मेंढ्या बसवल्यास उरलेली बोंडे खाल्ली जातात. दोन शेतकऱ्यांनी यासाठी धनगरांशी बोलण्याची तयारी दाखवली.

६. फवारणीतील सुरक्षा

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे मृत्यू झाले, त्याची आठवण दोघांनी काढली. दोन औषधे एकत्र मिसळू नयेत, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये आणि हातमोजे व मास्क वापरावेत, एवढे ठरले.

७. ठरलेले व न ठरलेले

बोंडे खुडण्याचे व सापळे लावण्याचे एकमताने ठरले. हंगाम संपवण्याच्या तारखेवर एकमत झाले नाही: कोरडवाहू शेतकऱ्यांनी ३१ डिसेंबर, तर ओलिताच्या शेतकऱ्यांनी १५ जानेवारी सुचवली. विषय पुढील बैठकीत घ्यावा.

८. वाचन व दुरुस्त्या

मसुदा २१ नोव्हेंबर रोजी अकरा जणांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "महिलांनी फरदड बंद करण्यास विरोध केला" असे वाक्य होते. प्रश्न मांडणाऱ्या महिलेने ते थांबवले: "म्या विरोध नाई केला, इचारलं." विभाग ४ मधील वाक्य त्यानुसार बदलले आहे.