उर्दू लिपी: नोकरी सांभाळून रोज एक तास, आठ आठवडे

ही आखणी ज्यांना हिंदी सहज कळते, पण उर्दूचं एकही अक्षर कधी गिरवलेलं नाही अशांसाठी आहे. नवी भाषा शिकायची नाही, डोळ्यांना लिपीची सवय लावायची आहे. म्हणूनच आठ आठवड्यांत लहान मुलांच्या गोष्टीचं एक पान वाचता येतं.

वेळ: सकाळी 6.15 ते 7.15. रात्रीचा तास ठेवू नका. नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, मोजायला ताजे डोळे लागतात आणि थकलेल्या डोळ्यांना तीन नुक्ते दोनच दिसतात.

साहित्य: एकरेघी वही, साधं बॉलपेन, पहिली-दुसरीची उर्दू वाचनपुस्तकं. मोबाइलवर वाचायचं असेल तर `Noto Nastaliq Urdu` हा फॉन्ट घ्या आणि अक्षर मोठं ठेवा. बऱ्याच फोनवर उर्दू नस्ख वळणात, सपाट रेषेवर दिसते. छापील पुस्तकं मात्र नस्तालीकमध्ये असतात, तिथे शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो. सपाट वळणाची सवय झाली की पुस्तकाचं पान परकं वाटतं.

तासाची वाटणी: 10 मिनिटं कालचं पान मोठ्याने वाचणं. 20 मिनिटं नवी अक्षरं, प्रत्येकाची एक ओळ. 20 मिनिटं शब्द वाचणं. शेवटची 10 मिनिटं आदल्या दिवशी देवनागरीत लिहून ठेवलेले दहा शब्द पुस्तक मिटून उर्दूत उतरवणं. रविवारी नवं काही नाही, फक्त आठवड्याची उजळणी.

आठवडा 1. अलिफ, दाल, डाल, ज़ाल, रे, ड़े, ज़े, झे, वाव. ही नऊ अक्षरं आधीच्या अक्षराला चिकटतात, पुढच्याला कधीच नाही. म्हणून सुरुवात यांच्यापासून. बुधवारपर्यंत ‘दो’, ‘रोज़’, ‘ज़ोर’, ‘दादा’ वाचता आले पाहिजेत. शनिवारी ‘दरवाज़ा’ घ्या: दाल, रे, वाव, अलिफ, ज़े आणि शेवटी छोटी हे. सहा अक्षरं, एकही दुसऱ्याला टेकत नाही. शेवटची हे इथे ‘आ’ वाचायची.

आठवडा 2. बे, पे, ते, टे, से, शिवाय नून आणि ये. शब्दाच्या सुरुवातीला व मध्ये या सगळ्यांचा उरतो तो एक छोटा दात. ओळख फक्त खुणेवरून: खाली एक नुक्ता बे, खाली तीन पे, वर दोन ते, वर तीन से, वर एक नून, खाली दोन ये, आणि टेवर तोए या अक्षराची छोटी खूण. आधी दात मोजा, मग नुक्ते वाटून द्या. उलट केलं की ‘बे’ आणि ‘नून’ची अदलाबदल होते.

आठवडा 3. जीम, चे, बड़ी हे, ख़े, सीन, शीन, काफ़, गाफ़, लाम, मीम. अलिफ किंवा लामच्या आधी काफ़ गोल होतो. ‘का’ आणि ‘कल’ प्रत्येकी वीस वेळा लिहा.

आठवडा 4. उरलेली अक्षरं. ‘ज़’साठी चार (ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए) आणि ‘स’साठी तीन (से, सीन, स्वाद) अक्षरं पाहून घाबरू नका. कुठे कोणतं येतं हा लिहिणाऱ्याचा प्रश्न. वाचताना ‘ज़’ किंवा ‘स’ म्हणायचं आणि पुढे जायचं. दो-चश्मी हे मात्र पक्की करा: बेला जोडली की भ, काफ़ला जोडली की ख.

आठवडा 5. खरा चढ हा. ज़बर, ज़ेर, पेश या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नेहमीच्या छपाईत नसतात. अलिफ-सीन म्हणजे ‘इस’ही आणि ‘उस’ही. मीम-ये-लाम हे मेल, मैल किंवा मील, तिन्ही असू शकतं. बरेच जण इथेच सोडून देतात, कारण ते शब्द सुटा घेऊन बसतात. या आठवड्यात शब्दयादी बंद. चार-पाच शब्दांची वाक्यं घ्या, अडलेला शब्द ओलांडून वाक्य संपवा आणि मागे या. हिंदी कानावर असल्याने बहुतेक वेळा योग्य स्वर आपोआप सुचतो.

आठवडा 6. बिननुक्त्याचा नून-ए-गुन्ना (में, हैं, माँ), हमज़ा आणि आडवळणी स्पेलिंग. ‘ख़ुश’मध्ये वाव लिहितात, पण उच्चार ऱ्हस्वच. ‘बिल्कुल’ लिहिला जातो बे-अलिफ-लाम-काफ़-लाम. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर साठवा, रोज दोन.

आठवडा 7. रोज पाच ओळी, तोच उतारा तीनदा.

आठवडा 8. रोज नवा उतारा. शेवटच्या रविवारी न पाहिलेल्या गोष्टीतले शंभर शब्द घड्याळ लावून वाचा. पंधरा मिनिटांत झाले आणि दहापेक्षा कमी शब्द अडले, तर दुसरीचं पुस्तक उघडा. नाहीतर सातवा आठवडा पुन्हा.

एक दिवस बुडाला तर तो रविवारी भरून काढा. तीन बुडाले तर तोच आठवडा सोमवारपासून नव्याने सुरू करा. दोन दिवसांचं एका तासात कोंबलं की सारखी दिसणारी अक्षरं एकमेकांत मिसळतात, आणि ती पुन्हा सुटी करायला त्याहून जास्त वेळ जातो.