वक्त्यांचा परिचय : यादी न वाचता

नमस्कार. अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी आणि समोर बसलेल्या सर्व श्रोत्यांनो,

आजच्या वक्त्यांचा परिचय करून द्यायला मला सांगितलं, कारण भूलशास्त्र मी त्यांच्याच हाताखाली शिकले. संयोजकांनी त्यांचा बायोडेटा पाठवला, तो नऊ पानांचा आहे. पदव्या, मानद पदव्या, सुवर्णपदकं, संघटनांची अध्यक्षपदं, शोधनिबंध, पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं, जीवनगौरव पुरस्कार. सगळं वाचायला घेतलं तर व्याख्यानाचा निम्मा वेळ त्यातच जाईल. चार-पाच निवडून वाचावेत, तर कुठले गाळायचे हे ठरवणारी मी कोण? म्हणून संपूर्ण यादी छापून दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना प्रत जरूर घ्या आणि सावकाश वाचा. त्यातला एकेक सन्मान कष्टाचा आहे.

यादी न वाचण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मॅडमनीच शिकवलेलं आहे. मोठ्याने वाचायच्या याद्यांवर त्यांनी आयुष्यातला बराच काळ घालवला. ज्या यादीतला एखादा मुद्दा ऐकून कुणाचा तरी हात थांबू शकतो, ती यादी मोठ्याने वाचायची, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि कितीही घाई असली तरी वाचायची. बाकीच्या याद्या फायलीत राहिल्या तरी चालतं. मॅडमच्या सन्मानांची यादी दुसऱ्या प्रकारातली आहे. पहिल्या प्रकारातल्या यादीबद्दल मात्र मला बोलायचं आहे, कारण त्यांची खरी ओळख तिथे आहे.

आपल्यापैकी अनेकांचं कधी ना कधी ऑपरेशन झालं असेल. ऑपरेशन कुणी केलं ते आपण वर्षानुवर्षं सांगत राहतो. भूल कुणी दिली ते क्वचितच कुणाच्या लक्षात राहतं. राहणार तरी कसं? आपण झोपेपर्यंत उशाशी उभा असलेला एक मास्क लावलेला चेहरा, तोही उलटा दिसणारा. ‘दात हलतोय का? शेवटचं कधी खाल्लंत? पाणी किती वाजता प्यायलात?’ असे दोन-चार प्रश्न. मग डोळे उघडतात तेव्हा तोच आवाज नावाने हाक मारत असतो आणि मान उचलून धरायला सांगत असतो. मधले दोन तास श्वास, नाडी आणि रक्तदाब त्या माणसाने सांभाळलेले असतात. मॅडमनी हे काम हजारो लोकांसाठी केलं आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव ठाऊक नाही.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी एका रुग्णाला ईथर हुंगवलं आणि त्याच्या मानेवरची गाठ काढली गेली. त्याआधी रुग्णाला धरून ठेवायचं आणि शक्य तितक्या झटपट कापायचं, हीच रीत होती. वेदना गेली, पण भूल स्वतःच धोक्याची ठरली. 1954 साली बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांमधल्या सुमारे 6 लाख भुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण 1,560 भुलींमागे एक मृत्यू भुलीमुळे झाल्याचं त्यांना दिसलं. आज सुसज्ज रुग्णालयात, एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब लाखांत मांडावा लागतो. हे अंतर कसं कापलं गेलं, तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यामुळे त्यातलं सगळं मी सांगून टाकणार नाही.

एकच गोष्ट सांगते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघरी पोचला. त्यामागचं तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने 1974 साली मांडलं. त्याआधी भूल देणारे डॉक्टर ओठ आणि नखं निळी पडतात का ते बघत बसायचे, आणि ती निळी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असायचा. ऑपरेशन थिएटरमधल्या यंत्रात एक सोय असते. नाडीच्या ठोक्यागणिक बीप वाजतो आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की बीपचा स्वर खाली उतरतो. आम्ही शिकाऊ डॉक्टर आकड्याकडे डोळे लावून असायचो. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून औषध भरत असायच्या आणि एकदम म्हणायच्या, “स्वर उतरला, नळी बघ.” आम्ही वर बघेपर्यंत त्यांचा हात श्वासाच्या पिशवीवर गेलेला असायचा. हा आवाज बंद करून ठेवलेला त्यांना मुळीच चालत नसे. सर्जनना त्रास होतो म्हणून कुणी बारीक केला, तर त्या काही न बोलता पुन्हा वाढवायच्या.

सिलेंडर हाताळायलाही त्यांनी असंच शिकवलं. ऑक्सिजनच्या छोट्या सिलेंडरच्या तोंडाशी दोन खाचा असतात, नायट्रस ऑक्साइडच्या सिलेंडरच्या खाचा वेगळ्या जागी असतात आणि यंत्रावरच्या खुंट्या त्या त्या खाचांतच बसतात. म्हणजे दमलेल्या, झोप न झालेल्या माणसाच्या हातूनही चुकीचा सिलेंडर सहसा लागू नये, अशी ती रचना आहे. मॅडम नव्या तुकडीला पहिल्या दिवशी पुस्तक उघडायला लावत नसत. प्रत्येकाच्या हातात ते तोंड देऊन म्हणत, “डोळे मिटून बोट फिरवा.” खाचा बोटाला समजल्या की पुढचा धडा. माणूस चुकणारच, तेव्हा चुकीची वाटच बुजवून टाकायची, हे आम्ही असे बोटांनी शिकलो.

आता त्या यादीकडे येते. 2008 साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासणी-यादी जाहीर केली. एकोणीस मुद्दे, तीन थांबे : भूल देण्याआधी, त्वचेला छेद देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले होते. त्या यादीत एक मुद्दा असा आहे की चमूतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम सांगायचं. सर्जनने, भूलतज्ज्ञाने, नर्सने, सगळ्यांनी.

हा मुद्दा सुरुवातीला पुष्कळांना वेळकाढू वाटला. रोज एकत्र काम करणारी माणसं, त्यांनी एकमेकांना नावं काय सांगायची? आमच्या विभागात मॅडमनी तो पहिल्या दिवसापासून लावून धरला. कितीही मोठे सर्जन असोत, सुरुवात त्या स्वतःपासून करायच्या. नाव, आणि पुढे “मी भूल देणार आहे.” एवढंच. प्राध्यापक नाही, विभागप्रमुख नाही, नऊ पानांतलं एक अक्षरही नाही. मग बोट पुढच्याकडे. शेवटी दाराजवळ उभ्या असलेल्या वॉर्डबॉयपर्यंत.

त्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका सकाळी नुकत्याच रुजू झालेल्या एका नर्सची पाळी होती. तिने दबक्या आवाजात नाव सांगितलं, काम सांगितलं. पुढे दुसऱ्या थांब्यावर यादी वाचली जात असताना तीच म्हणाली, “मॅडम, संमतीपत्रावर डावा पाय लिहिलाय.” निर्जंतुक कापड उजव्या पायावर घातलेलं होतं. सगळं थांबलं. कागद तपासले, एक्स-रे पुन्हा लावला. डावाच पाय होता. मॅडमनी तिला नावाने हाक मारून तिचे आभार मानले, सगळ्यांसमोर. त्या आठवड्याच्या विभागीय बैठकीत ही घटना मांडायचं कामही त्यांनी तिलाच दिलं, आणि ती बोलत असताना कुणी मध्ये बोलू लागलं की हात वर करून थांबवलं.

मला त्या घटनेतून कळलं ते असं : ज्याने सकाळी सगळ्यांसमोर एकदा तोंड उघडलेलं असतं, त्याला नंतर धोका दिसल्यावर तोंड उघडणं सोपं जातं. थिएटरमधल्या सगळ्यात नवख्या माणसाचा आवाज सगळ्यात ज्येष्ठ माणसापर्यंत पोचला पाहिजे, आणि ती जबाबदारी ज्येष्ठ माणसाची आहे. मॅडमएवढे सन्मान पाठीशी असलेल्या माणसासमोर बोलताना कुणाचीही जीभ अडखळेल. ती अडखळू नये म्हणून त्या आपलं सगळं मोठेपण थिएटरच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायच्या. एवढी विद्वत्ता आणि एवढा मान असूनही समोरच्याला बोलतं करणं मी फार थोड्या माणसांत पाहिलं आहे.

बायोडेटाच्या सातव्या पानावर, परिषदांच्या गर्दीत, एक ओळ आहे : ‘भूलयंत्राची दैनंदिन तपासणी, विभागीय सूची.’ तिला कुठलं पदक मिळालेलं नाही. पण तो एक पानी कागद आजही आमच्या प्रत्येक भूलयंत्राला लटकवलेला आहे. सक्शन चालू आहे का, जास्तीचा ऑक्सिजन सिलेंडर भरलेला आहे का, हाताने श्वास देण्याची पिशवी हाताशी आहे का. रोज पहिल्या रुग्णाआधी कुणीतरी तो मोठ्याने वाचतं आणि दुसरं कुणीतरी हात लावून खात्री करतं. आज इथे सभागृहात मॅडमचे जे विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी आज सकाळीही तो वाचला असेल.

मॅडमचं वय आणि त्यांचा दिनक्रम पाहता त्या व्याख्यानाला हो म्हणतील का, अशी आम्हाला शंका होती. त्यांनी लगेच होकार दिला, पण दोन अटी घातल्या. पहिली, व्याख्यान चाळीस मिनिटांत संपेल आणि उरलेला सगळा वेळ प्रश्नांना. चिठ्ठ्या नकोत, उभं राहून विचारायचं. प्रश्न विचारताना आधी आपलं नाव आणि काम सांगायचं. विद्यार्थी असाल तर विद्यार्थी, घर सांभाळत असाल तर तसं, निवृत्त असाल तर तसं. आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या ऑपरेशनबद्दल मनात भीती असेल, तर तीही विचारा. असे प्रश्न त्यांना सगळ्यात जास्त आवडतात.

दुसरी अट माझ्यासाठी होती. परिचयात त्यांचं नाव मी घ्यायचं नाही, ते त्या स्वतः सांगणार आहेत. नाव आणि काम, नेहमीसारखं.

फोन तेवढे बंद करा. मॅडम, माइक आपल्याकडे.