अ ते अं : नागपूर

अजनीला गाडी मंदावते,
तर्रीपोह्यांची भूक जागवते.

आंबियाची संत्री आंबटगोड, खरं;
मला मृगाचंच फळ बरं.

इतवारीत भेटती मारबती काळी-पिवळी,
“घेऊन जाय गे!” गल्ली आरोळी;
बडग्यांवर नेत्यांची पोल खुली.

ईदेला मोमिनपुऱ्यात शेवयांचा वास.

उपराजधानी डिसेंबरात जागते,
मोर्च्यांनी सीताबर्डी गजबजते.

ऊन? काय सांगू तुम्हाला, बाप्पा!
मे सरता सरता येतो नवतपा;
खिशात कांदा, डोक्यावर दुपट्टा,
कूलरसमोर रंगतात गप्पा.

एका दसऱ्याला, १९५६ साली,
दीक्षाभूमीवर माणसं माणूस झाली.

ऐपत जिभेची सावजीत कळते,
नाक गळते, बोट रश्श्याकडेच वळते.

ओळख जुनी की ‘काऊन बे?’ म्हणती,
पाहुणे उगाच शिवी गणती.

औंदा तरी नाग नदी स्वच्छ व्हावी!

अंबाझरीतून ती पुढे निघते,
कोण काय टाकतं, सगळं बघते.