कुळागरातला पाहुणा

गेल्या चवथीला जाताना रोहन म्हणाला होता, "चिनू, तुमच्याकडे पातोळ्या सोडल्या तर काहीच नसतं रे. रेंजसुद्धा नसते." सावईवेऱ्याच्या त्या कुळागरात चिनू एकटाच वाढत होता. ते वाक्य तो वर्षभर विसरला नाही.

यंदा चवथीला आठ दिवस असताना त्याने बाबांच्या मोबाइलवर कुळागराचा फोटो काढला. मग खेळण्यातले दोन डायनासोर पांढऱ्या कागदावर उभे करून त्यांचेही फोटो काढले, कडा बोटाने कापल्या आणि त्यांना पोफळींमध्ये नेऊन ठेवलं. एकाचं डोकं झाडांच्या शेंड्यांवर, दुसरा पाटाचं पाणी पितोय. फोटो भावंडांच्या ग्रुपवर गेला. खाली एकच ओळ : 'हे हल्ली येतात.'

पुण्याहून इराचं उत्तर आलं, "पोफळींची सावली डावीकडे, डायनासोरची उजवीकडे. वा!"

रोहन तर परीक्षकच. "टी-रेक्स कमरेपाशी बारा फूट, पोफळ चाळीस फूट. याचं डोकं शेंड्यावर कसं? शिवाय तो अमेरिकेतला. आपल्याकडचा राजासॉरस. गुजरातेत हाडं सापडली, 2003 मध्ये नाव ठेवलं."

मुंबईचा गुड्डू पाच वर्षांचा. त्याला टंकता येत नाही, म्हणून त्याने बोलून पाठवलं. आधी नुसतं रडणं, मग, "मी नाही येणार आजीकडे."

चिनूचा चेहरा पडला. बोलवायला म्हणून पाठवलेला फोटो, आणि एक गडी आधीच गळाला.

काका-काकूंनी समजूत घातली असावी, कारण चवथीच्या आदल्या दिवशी गुड्डू आला. पण काकांच्या कडेवरून उतरेना. माटोळी बांधायला सगळे गोळा झाले, तरी त्याची नजर मागच्या दाराकडेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे इरा धावत आली. "चला, चला! हळदीच्या वाफ्यात बघा."

ओल्या मातीत तीन बोटांचा ठसा होता, परातीएवढा. रोहन वाकला, "हे काहीतरीच" म्हणाला आणि तरीही चप्पल काढून पाऊल ठशात ठेवून बघू लागला. गुड्डू काकांच्या कडेवरून कधी उतरला, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"हा काय खातो?" त्याने हळूच विचारलं.

"गवत नाही खात," रोहन म्हणाला. "राजासॉरस मांसाहारी."

"चवथीला नाही खात," चिनूने घाईघाईने सांगितलं. "शिवराक असतो."

गुड्डूला ते पटलं. त्याने झावळीची काडी घेऊन ठशाची बोटं मोजली, पुन्हा मोजली.

तेवढ्यात आजी पातोळ्यांसाठी पानं काढायला आली आणि जागीच थांबली. "माझी हळद कुणी तुडवली रे?"

"डायनासोरने!" तिघंही एकदम ओरडली.

आजीने चिनूच्या नखांतल्या मातीकडे पाहिलं. मग आडवी झालेली पानं उचलून पदराने पुसत म्हणाली, "बरं. त्याला सांगा, आरतीआधी हात धुऊन ये म्हणावं."