आज किती फूट?

शुभे,

परवा रात्री तू लिहिलेलं मी काल दुपारी वाचलं, स्टाफरूममध्ये, समोर डबा उघडा ठेवून. पहिला घास हातातच राहिला. तेवढ्यात घंटा झाली, सातवी ब चा तास होता, गेले. फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते आणि डोक्यात तुझं ते दूध उतू जात होतं.

लगेच काहीतरी लिहावं म्हणून 'काळजी घे गं' एवढं टाईप केलं होतं. मग पुसलं. काळजी घे म्हणजे अजून काय घेणार आहेस तू? तेवढी एकच गोष्ट तर तू पहाटे साडेतीनपासून घेऊन बसलेली असतेस. आपल्या भाषेत हे असं कुणी करून ठेवलंय कोण जाणे, पण काल पहिल्यांदा तो शब्द मला धड ऐकू आला.

म्हणून आता रात्री निवांत लिहितेय. आई झोपलीय, चाचणीचे पेपर बाजूला सरकवलेत. घाई नाही. तूही एका दमात वाचू नकोस, नाहीतर वाचूच नकोस, पडून राहू दे.

तू लिहिलंस की गॅसवर दूध ठेवलं होतं, समोरच उभी होतीस, साय वर येताना दिसत होती, कडा फुगताना दिसत होत्या. बटण हाताच्या अंतरावर. आणि हात उचललाच नाही. सगळं उतू गेलं, ओट्यावरून खाली, फरशीवर, तुझ्या पायापर्यंत, आणि तू बघत राहिलीस. मग सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, 'लक्ष कुठंय तुझं?' तू लिहिलंयस, 'लक्ष तिथंच होतं. तेच तर कुणाला सांगता येत नाही.'

हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं. लक्ष नसणं मला माहिती आहे, सगळ्यांनाच असतं. लक्ष असून हात न उचलणं हे वेगळं आहे, आणि तू ते वेगळं आहे असंच सांगत होतीस. मला ते पूर्ण कळलं असं म्हणणार नाही. पण तू विसरभोळेपणाबद्दल बोलत नव्हतीस, एवढं मला ऐकू आलं.

आणि साडेतीनचं. रोज साडेतीन, घड्याळ न बघताही कळतं म्हणालीस. वॉचमनची शिट्टी, मग वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पंप, आणि छातीत कुणीतरी मिक्सर लावून ठेवल्यासारखं. शेजारी अहो घोरत असतात, त्यांचा राग येतो आणि मग राग आल्याचं वाईट वाटतं. नेमकं कशाची भीती वाटतेय ते शोधत बसतेस आणि सापडतं ते एवढंसंच असतं, म्हणजे पोराच्या शाळेची फी ऑनलाईन गेली की नाही, त्या दिवशी मीटिंगमध्ये आपण जरा जोरात बोललो का. एवढ्याशा गोष्टीला एवढी धडधड. कारण लहान सापडलं की आणखीच भीती वाटते, असंही तू लिहिलंयस. ते तर मला कधी सुचलंच नसतं. मी समजत होते कारण सापडलं की माणसाला बरं वाटत असेल.

एका गोष्टीवर मात्र तुझ्याशी भांडणार आहे. खाली तू लिहिलंस, 'खरं तर माझं सगळं व्यवस्थित आहे. नोकरी आहे, घर झालं, पोरगं गुणी आहे, नवरा समजूतदार आहे. मला असं वाटायला नको.' शुभे, हे कुणापुढे सादर केलंस? रेशन कार्ड दाखवावं तसं. तुला वाईट वाटतंय हे सांगायला आधी उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो का? मला नको तो. पहिली आठ-दहा वाक्यं पुरेशी होती मला.

माझंही एकदा असंच काहीतरी झालं होतं हे इथे लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि लक्षात आलं की पुढच्या दहा ओळी माझ्याच होणार. खोडलं. ते परत कधीतरी, तू विचारलंस तर.

आज पेपर तपासता तपासता मला 2019 चा ऑगस्ट आठवत होता. का आठवला ते तुला कळेल. गावभागातल्या तुमच्या घरात पाणी शिरायच्या आदल्या रात्री मी काका-काकूंना विश्रामबागला आमच्याकडे घेऊन आले. काका यायलाच तयार नव्हते, 2005 ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं म्हणत होते. काकूंनी देवघरातला बाळकृष्ण स्टीलच्या डब्यात घातला, वर नॅपकिन, आणि रिक्षात तो डबा मांडीवर घेऊन बसल्या. तू पुण्यात. इकडे यायला रस्ता नाही. आणि तू दर तासाला फोन करायचीस. हॅलो नाही, काही नाही. 'किती?'

मी आकडा सांगायची. आयर्विन पुलापाशी 40 फूट झालं की इशारा, 45 ला धोका, हे सांगलीच्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मी सांगायची, '52.' तू म्हणायचीस, 'बरं.' फोन बंद. तासाभरानं परत. '53 आणि काही इंच.' 'बरं.'

एकदाच मी शहाणपणा केला होता. म्हणाले, 'कोयनेतला विसर्ग कमी केलाय म्हणे, उतरेल आता, टेन्शन घेऊ नकोस.' तू चिडलीस. म्हणालीस, 'नंदे, तू मला फक्त फूट सांग. उतरेल की नाही ते अख्खं पुणं सांगतंय मला.'

मग मी तेवढंच सांगत राहिले. रात्री दोनला, पहाटे चारला. मोबाईल चार्ज करायला शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर होता, त्यांच्या जिन्यात बसून सांगायचे. मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं व्हायचं, की ही पोरगी तिकडे तडफडतेय आणि मी नुसते आकडे वाचून दाखवतेय. नंतर दिवाळीत तू म्हणालीस की त्या आठवड्यात तुला झोप लागली ती माझ्या आकड्यांवरच. मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

हे मी 'पूर ओसरतोच' असं म्हणायला लिहीत नाहीये. ते मी तुला कुठल्या तोंडानं सांगू? ओसरल्यावर काय उरतं ते तूच उपसलंयस. गुडघाभर गाळ, तो वास, काकूंची लग्नातली पैठणी ट्रंकेतून काढली तेव्हा तिचा रंग शेजारच्या धोतराला लागला होता. तीन दिवस तू घमेल्यानं गाळ भरत होतीस आणि एक शब्द बोलत नव्हतीस. दिवाणखान्याच्या भिंतीवरची ती रेघ काकांनी अजून रंगवू दिलेली नाही. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा तिच्याच खाली कॅलेंडर टांगलेलं होतं.

तर मला एवढंच म्हणायचंय की आता फोन माझा. विचारणारी मी.

आज किती फूट?

तुला वाटलं तर नुसता आकडा पाठव. 41, 48, काय असेल ते. मी 'बरं' म्हणेन. का वाढलं, कशानं वाढलं, काल तर कमी होतं ना, यातलं काही विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. आणि आकडासुद्धा टाईप करायला नको झालं तर नको. मी दुसऱ्या दिवशी परत विचारेन, रुसून बसणार नाही.

आता ते एक वाक्य, ज्याच्यापाशी मी काल खरी अडकले. ऑफिसातून येऊन बेसमेंटमध्ये गाडी लावतेस आणि वीस-वीस मिनिटं आतच बसून राहतेस, असं लिहिलंस. इंजिन बंद, काचा वर, आणि 'उतरूच नये असं वाटतं, कधीच.' तो शेवटचा 'कधीच'. तो कसा वाचायचा ते मला कळलं नाही म्हणून सरळ विचारते, आडून नको. वर घरी जाऊ नये एवढंच वाटतं, की जगूच नये असंही वाटतं? दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला ऐकायचंय. मी दचकेन कदाचित, पण फोन ठेवणार नाही. या एका प्रश्नाला मात्र आकड्यावर भागवू नकोस, आणि याचं उत्तर रात्री कितीही वाजता आलं तरी मी उचलते. फोन उशीखाली नाही, उशीवर आहे.

दुसरंही एक सांगायचं राहिलं. तू लिहिलंस, 'ज्यांना हे वाचून कंटाळा येईल त्यांची माफी.' मला कंटाळा आला नाही. मला थोडा धक्का बसला, कारण गेल्या रविवारी आपण अर्धा तास बोललो आणि तू मला हादग्याच्या खिरापतीवरून हसवत होतीस. म्हणजे तेव्हाही आत हे चालू असणार. मी ओळखलं नाही. याचा तुला बोल लावत नाही, आणि तू मला समजावत बसू नकोस की तुझी काही चूक नाही वगैरे. दिसलं नाही ते सांगितलं, बास. मला हसवायची ड्यूटी तुझ्यावर नाही, एवढं मात्र आता लक्षात ठेवते मी.

काकूंना मी काही बोललेले नाही. परवा मंडईत भेटल्या, मेथी निवडून घेत होत्या, म्हणाल्या शुभा हल्ली लवकर फोन ठेवते. मी म्हणाले, कामं असतील. तुझ्या घरचं कुणाला काय कळावं ते तू ठरव.

शनिवारी रात्री पावणेदहाच्या सुमाराला मी फोन करेन. तू उचललास तर स्पीकरवर ठेव आणि तुझं काय चाललंय ते चालू दे. भाजी निवड, पसारा आवर, नुसती आडवी पड. मी इकडे पेपर तपासत बसेन, अठ्ठावन्न गठ्ठ्यात आहेत अजून. मधेच एखाद्यानं पाव अधिक पाव बरोबर दोन अष्टमांश केलं की माझ्या तोंडून शिवी जाईल, तेवढी ऐकून घे. बोललंच पाहिजे असं नाही. उचलला नाहीस तर मी समजेन की आज नको.

आणि हो, एक विचारायचंच राहिलं. तुमच्या बेसमेंटमध्ये रेंज येते का गं? येत असेल तर कधीतरी तिथूनच लाव मला. उतरायची काही घाई नाही.

तुझी,
नंदी