नैसर्गिक निवड, जनुकीय विचलन, जातिउद्भव: उत्क्रांतीचं प्रकरण थोडक्यात, एका धाग्यात

बारावीच्या ज्या मुलांचे या प्रकरणाचे तास बुडाले, त्यांच्यासाठी हे टिपण. प्रकरण 42 पानांचं आहे आणि त्यात तीन मोठे मथळे आहेत. मुलं ते तीन वेगळे धडे समजून पाठ करतात आणि तिथेच फसतात. खरं तर प्रश्न एकच आहे: जनुकाच्या दोन रूपांपैकी पुढच्या पिढीत कोणतं जास्त जातं आणि का? जनुकाच्या अशा रूपाला अलील म्हणतात. एखादं अलील टिकण्यामागे कारण असेल तर ती निवड. कारण काहीच नसेल, नुसता योगायोग असेल तर ते विचलन. आणि दोन समूहांमधली अलीलांची देवाणघेवाण थांबली की जातिउद्भवाची वाट मोकळी होते. एवढं डोक्यात ठेवून पुढे वाचा.

कारण असतं तेव्हा

निवडीला तीन गोष्टी लागतात. समूहातले जीव एकमेकांपेक्षा वेगळे हवेत, तो वेगळेपणा पिल्लांत उतरायला हवा, आणि त्याच्यामुळे जगण्यात किंवा वीण वाढवण्यात फरक पडायला हवा. तिन्ही असतील तर निवड होतेच.

उदाहरण गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटाचं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने तिथल्या मध्यम भूफिंच पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या चोची मोजल्या होत्या. 1977 मध्ये पाऊस जवळजवळ झालाच नाही. पक्ष्यांनी बारीक, मऊ बिया आधी संपवल्या. उरली ती सराट्याच्या जातकुळीतली काटेरी, टणक फळं. त्यांचं कवच फोडायला चोच मुळाशी उंच आणि भक्कम लागते. दुष्काळ सरला तेव्हा या फिंचांपैकी सुमारे 85 टक्के नाहीसे झाले होते, आणि उरलेल्यांच्या चोची आधीच्या सरासरीपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने उंच होत्या.

अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढा फरक. पण तेवढ्यावर जगणं-मरणं ठरलं.

इथे हमखास होणारी चूक: ‘दुष्काळ पडला म्हणून पक्ष्यांनी चोच मोठी करून घेतली.’ असं लिहू नका. एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. उंच चोचीचे पक्षी आधीपासून होते, ते वाचले, बाकीचे मेले. निवड होते ती एकेका जिवाची, बदलतो तो समूह. आणि तो उत्क्रांत झाला असं आपण म्हणू शकतो, कारण दुष्काळानंतर जन्मलेल्या पिल्लांच्या चोचीही सरासरीने उंच निघाल्या. नुसते पक्षी मरणं म्हणजे उत्क्रांती नव्हे. फरक पुढच्या पिढीत उतरला, ही उत्क्रांती.

पुढे 1982-83 मध्ये एल निन्योमुळे धो धो पाऊस पडला, बारीक बियांचं पीक आलं आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात पारडं लहान चोचीच्या बाजूने झुकलं. म्हणून ‘निवड जिवाला अधिकाधिक परिपूर्ण करते’ हे वाक्यही खोडा. निवड त्या-त्या वेळच्या परिस्थितीपुरतं बघते.

कारण नसतं तेव्हा

आता असं धरा की चोचीच्या उंचीने काहीच फरक पडत नाही. मग अलीलांचं प्रमाण तसंच राहील का? बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असतं आणि ते चूक आहे. याच भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण निवड मनाला लगेच पटते, योगायोग पटत नाही.

पीटर बुरी यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. 107 बाटल्या, प्रत्येकीत 8 नर आणि 8 मादी फळमाश्या. डोळ्याच्या रंगाच्या एका जनुकाची दोन अलील, सुरुवातीला दोन्ही निम्मी-निम्मी. हे जनुक निवडण्याचं कारण छान आहे: माशीकडे नुसतं पाहून तिची जनुकं कळतात. दोन्ही अलील एका प्रकारची असतील तर डोळे लालसर-नारिंगी, दुसऱ्या प्रकारची असतील तर पांढरे, मिश्र असतील तर फिकट नारिंगी. दर पिढीत प्रत्येक बाटलीतून न निवडता 8 नर आणि 8 मादी उचलायच्या आणि नव्या बाटलीत सोडायच्या. असं 19 पिढ्या.

हिशेब करून बघा. 16 माश्या म्हणजे जनुकाच्या 32 प्रती, त्यांतल्या 16 एका अलीलच्या. पुढच्या पिढीत पुन्हा बरोबर 16 येतील अशी खात्री नाही. 13 येतील, 19 येतील, नाणं उडवल्यासारखं. आणि 19 आल्या की पुढची पिढी 19 पासून सुरू होते, ती मागे 16 वर खेचली जात नाही. चूक चुकीवर साचत जाते. शेवटी एखाद्या बाटलीत अलील 32 पैकी 32 होतं किंवा शून्य. शून्य झालं की खेळ संपला, उत्परिवर्तन झालं किंवा बाहेरून कोणी आलं तरच ते परत येणार.

बुरींच्या बाटल्यांत तेच झालं. 19 पिढ्यांअखेर 28 बाटल्यांत एकच अलील उरलं होतं, 30 बाटल्यांत दुसरं, आणि उरलेल्या 49 मध्ये दोन्ही टिकून होती. 28 आणि 30 हे आकडे जवळपास सारखे आहेत, याकडे लक्ष द्या. एखादं अलील खरंच सरस असतं तर पारडं एका बाजूला झुकलं असतं. शिवाय सगळ्या बाटल्यांची सुरुवात सारखी होती, वातावरणही सारखं, तरी शेवट वेगवेगळा.

समूह मोठा असेल तर? 16,000 माश्या म्हणजे 32,000 प्रती. एका पिढीतली चूक नव्वदेक प्रतींची, म्हणजे टक्क्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. म्हणून विचलनाचा जोर लहान समूहात दिसतो. तिथे किंचित उपयोगाचं अलीलही नुसत्या योगायोगाने हरवू शकतं. निवड आणि विचलन एकाच वेळी चालू असतात, समूह जितका लहान तितका योगायोग वरचढ.

देवाणघेवाण थांबते तेव्हा

बुरींच्या बाटल्या एकमेकींपासून बंद होत्या म्हणून वेगळ्या झाल्या. दर पिढीत चार माश्या इकडून तिकडे सोडल्या असत्या तर फरक इतका वाढलाच नसता. या येण्याजाण्याला जनुकप्रवाह म्हणतात. निसर्गात तो डोंगर, नदी, समुद्र अडवतो. अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना निवड आपापल्या परिस्थितीप्रमाणे आणि विचलन आपापल्या योगायोगाप्रमाणे काम करतं. दोन्ही समूह एकमेकांशी सुफल संकर करेनासे झाले की जाती दोन झाल्या. (अडथळ्याशिवायही जाती फुटतात; तो उपमथळा पुस्तकात एकदा वाचून घ्या, इथे देत नाही.)

उदाहरण पनामाचं. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी तिथली संयोगभूमी पूर्ण वर आली आणि एका समुद्राचे दोन झाले. पॅसिफिककडे खालचं थंड पाणी ऋतूप्रमाणे वर येतं, कॅरिबियन बाजू जास्त उबदार आणि खारट. दोन्हीकडे नांगी फटकन मिटून आवाज करणाऱ्या कोळंब्या राहतात, आणि इकडच्या एकेका कोळंबीसारखी दुसरी तिकडे सापडते. शेजारी ठेवल्या तर वेगळ्या ओळखणं अवघड.

नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी दोन किनाऱ्यांवरचे नर-मादी एकत्र ठेवून बघितले. एकाच किनाऱ्यावरची जोडी सहज जमायची. वेगळ्या किनाऱ्यांवरचे एकमेकांवर जास्त नांग्या उगारायचे आणि त्यांच्यातल्या फारच थोड्या जोड्यांपासून सुफल अंडी मिळाली. आपल्या डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात, पण एकमेकांना त्या परक्या झाल्या आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. सगळ्या जोड्या एकाच वेळी फुटलेल्या नाहीत. जमीन हळूहळू वर येत होती, त्यामुळे खोल पाण्यातल्या कोळंब्यांचा मार्ग आधी बंद झाला. खारफुटीच्या उथळ पाण्यात राहणाऱ्यांचा सगळ्यात शेवटी. त्यांच्या जनुकांतला फरकही त्याच क्रमाने कमी-जास्त आढळतो.